पाच पानं, एक जॅकनाइफ: बायस आणि स्टँडर्ड एरर हातानं काढताना

प्रश्न: कापसाच्या पाच पानांवरच्या पांढऱ्या माश्या मोजल्या, आकडे आले २, ४, ५, ७, १२. व्हेरियन्स n नं भागून काढला तर ११.६ येतो. याचा बायस आणि स्टँडर्ड एरर जॅकनाइफनं हातानं काढायचाय. मी एकेक नोंद काढून करून बघितलं तर बायस बरोबर शून्य येतोय, हे कसं? n−१ नं गुणायचं का? आणि मीडियनला जॅकनाइफ लावू नका असं सर म्हणतात, ते का?

उत्तर:

बायस अगदी बरोब्बर शून्य आला ना, तिथंच चूक कळते. तुम्ही पान काढलं, उरलेल्या चार पानांचे फरक घेतले, पण ते फरक जुन्याच सरासरीपासून घेतले, म्हणजे ६ पासून. जॅकनाइफमधे नोंद काढली म्हणजे ती सगळीकडूनच गेली पाहिजे, सरासरीतून सुद्धा. पडताळून बघा. पाच फरक आहेत −४, −२, −१, १, ६ आणि त्यांचे वर्ग १६, ४, १, १, ३६, बेरीज ५८. सरासरी ६ वरच ठेवून एकेक वर्ग वगळला आणि ४ नं भागलं तर येतात १०.५, १३.५, १४.२५, १४.२५ आणि ५.५. यांची बेरीज ५८, सरासरी ११.६, म्हणजे मूळ आकडाच परत आला, आणि डेटा कुठलाही घेतला तरी हेच होणार कारण प्रत्येक वर्ग पाचातून चार वेळा मोजला जातो आणि भागाकारही ४ नं होतो. म्हणजे तुम्ही बायस मोजलाच नाही, मूळ उत्तर फिरवून परत लिहिलं. n नं भागलेल्या व्हेरियन्सचा जॅकनाइफ बायस शून्य आला की आधी ही सरासरी तपासायची.

आता नीट करू. पहिलं पान (२) काढलं तर उरतात ४, ५, ७, १२. बेरीज २८, सरासरी ७. फरक −३, −२, ०, ५, वर्ग ९, ४, ०, २५, बेरीज ३८, आणि आता पानं चार आहेत म्हणून ४ नं भागायचं, आलं ९.५. भागाकार ४ नंच. मूळ सूत्रात n नं भागलं असेल तर इथंही जितकी पानं उरली तितक्यानंच भागायचं, नियम मधेच बदलायचा नाही. काहीजण इथं सवयीनं ३ नं भागतात आणि मग बायस अधिक ११.६ येतो, म्हणजे दिशा पण उलटी आणि आकडा पण मूळ उत्तराइतका मोठा, असलं काही दिसलं की भाजक तपासायचा.

असं पाचदा करायचं, पण प्रत्येक वेळी नवी सरासरी आणि नवे वर्ग काढत बसायची गरज नाही, एक शॉर्टकट आहे. एखादी नोंद काढली की वर्गांची बेरीज नुसत्या तिच्या वर्गानं कमी होत नाही, त्याच्या n/(n−१) पट कमी होते, कारण ती गेल्यावर सरासरी पण सरकते आणि उरलेले आकडे एकंदरीत नव्या सरासरीच्या थोडे जवळ येतात. आपल्याकडे n ५ आहे, म्हणजे १.२५ पट. पहिल्या पानाचा वर्ग १६, त्याची १.२५ पट २०, ५८ वजा २० म्हणजे ३८. आत्ता लांबच्या रस्त्यानं काढलेला ३८ तोच. मग बाकीची पानं सरळ होतात:

```
काढलेलं    फरकाचा   ५८ − १.२५×वर्ग     ÷ ४
 पान        वर्ग
  २          १६        ५८ − २०   = ३८        ९.५
  ४           ४        ५८ − ५    = ५३        १३.२५
  ५           १        ५८ − १.२५ = ५६.७५     १४.१८७५
  ७           १        ५८ − १.२५ = ५६.७५     १४.१८७५
  १२         ३६        ५८ − ४५   = १३        ३.२५
```

शेवटच्या रकान्याची बेरीज ५४.३७५, सरासरी १०.८७५. मूळ उत्तर ११.६ होतं. म्हणजे पाचाऐवजी चार पानांवर काम केलं की उत्तर सरासरीनं ०.७२५ नं खाली येतं. याला n−१ म्हणजे ४ नं गुणायचं, बायस आला −२.९. तो मूळ उत्तरातून वजा केला तर ११.६ + २.९ = १४.५. आणि १४.५ हा आकडा ओळखीचा वाटला पाहिजे, कारण ५८ ला ४ नं भागलं की तोच येतो, n−१ नं भागून काढतो तो नेहमीचा व्हेरियन्स. योगायोग नाहीये हा, या स्टॅटिस्टिकसाठी जॅकनाइफ अगदी अचूक n−१ वाला भागाकारच परत देतो, कुठलाही डेटा घ्या. हातानं शिकायला मी नेहमी हेच उदाहरण घेतो कारण शेवटी पडताळा घ्यायला जागा असते, रेशो किंवा कोरिलेशन घेतलं की आकडा येतो पण तो बरोबर आहे का हे कागदावर समजत नाही.

आता ते ४ नं गुणणं का, कारण खरी गोम तिथंच आहे आणि बहुतेक नोट्समधे ते नुसतं सूत्र म्हणून लिहिलेलं असतं. कल्पना अशी की सँपल वाढेल तसा बायस कमी होतो, आणि बऱ्याच नेहमीच्या स्टॅटिस्टिकमधे तो साधारण a/n असा कमी होतो, a म्हणजे आपल्याला माहीत नसलेला कुठलातरी स्थिर आकडा. पाच पानांवर बायस a/५. चार पानांवर a/४. आपल्याला a माहीत नाही, खरा व्हेरियन्स पण माहीत नाही, पण या दोन उत्तरांमधला फरक दिसतो, आणि तो फरक a/४ वजा a/५ म्हणजे a/२०. आपल्याला हवाय a/५. तर a/२० ला ४ नं गुणा, झालं. सगळी युक्ती एवढीच आहे, चारवरून पाचवर येताना उत्तर किती हललं ते बघायचं आणि त्यावरून पाचवरून अनंताकडे जाताना अजून किती हलेल त्याचा हिशोब लावायचा. आपल्या व्हेरियन्सचा बायस नेमका −σ²/n असतो, पुढं १/n² ची वगैरे काही शेपटी नाही, म्हणून उत्तर तंतोतंत आलं. इतर ठिकाणी, समजा कोरिलेशन घेतलं, तर १/n वाला भाग जातो आणि १/n² वाला उरतो, तिथं बायस कमी होतो, संपत नाही. आणि बायसच जर १/n नं कमी न होता १/√n नं कमी होत असेल तर हे ४ नं गुणणं चुकीचंच ठरतं, कारण मग गुणायचा आकडा वेगळा पाहिजे.

मॉरिस क्वेनुई यांनी १९४९ मधे टाइम सिरीजच्या कोरिलेशनमधला बायस कमी करायला आधी सँपलचे दोन अर्धे भाग करून हे केलं होतं, मग १९५६ मधे ते बायससाठी सर्वसाधारण पद्धत म्हणून मांडलं. तोपर्यंत हे फक्त बायसचं हत्यार होतं. त्याच वगळलेल्या उत्तरांमधून स्टँडर्ड एरर पण निघतो हे १९५८ मधे जॉन ट्युकी यांनी सांगितलं, आणि आज बहुतेक लोक जॅकनाइफ वापरतात ते याच दुसऱ्या कामासाठी.

या गुणाकारामुळे एक व्यवहारातली गोष्ट होते ती इथंच सांगतो. तुम्ही मधल्या पायरीला राउंड केलंत तर ती राउंडिंगची चूक पण n−१ पट होते. आपल्या रकान्यात एकच दशांश ठेवला तर ९.५, १३.३, १४.२, १४.२, ३.३, सरासरी १०.९, बायस −२.८. पाच नोंदींवर एवढंच बिघडलं, पण पन्नास नोंदी असतील तर ४९ नं गुणलं जाणार आणि दुसऱ्या दशांशातली गडबड सरळ उत्तरात येऊन बसणार. म्हणून शेवटपर्यंत सगळे दशांश ठेवायचे, राउंड फक्त शेवटी.

आता स्टँडर्ड एरर. ती पाच उत्तरं घ्या, त्यांच्या स्वतःच्या सरासरीपासून म्हणजे १०.८७५ पासून फरक काढा (११.६ पासून नाही): −१.३७५, २.३७५, ३.३१२५, ३.३१२५, −७.६२५. वर्ग केले तर १.८९०६, ५.६४०६, १०.९७२७, १०.९७२७, ५८.१४०६, बेरीज ८७.६१७२. याला (n−१)/n म्हणजे ०.८ नं गुणायचं, ७०.०९३८, वर्गमूळ ८.३७. म्हणजे ११.६ या उत्तराचा जॅकनाइफ स्टँडर्ड एरर ८.३७.

इथं सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक अशी की लोक त्या पाच उत्तरांना पाच स्वतंत्र नोंदी समजतात आणि नेहमीचा स्टँडर्ड एरर काढतात, म्हणजे ८७.६१७२ ला ४ नं भाग, पुन्हा ५ नं भाग, वर्गमूळ. त्याचं उत्तर २.०९ येतं. दिसायला छान लहान दिसतं, रिपोर्टमधे पण खपून जातं, पण ते बरोब्बर n−१ पट म्हणजे चारपट कमी आहे. कारण समजून घ्या, ही पाच उत्तरं एकमेकांसारखीच असतात, कुठलीही दोन घ्या, त्यांच्यात तीन पानं सामाईक आहेत. त्यामुळे ती एकमेकांपासून फार लांब जाऊच शकत नाहीत, आणि जितकी नोंदींची संख्या जास्त तितकी ती अजून एकमेकांना चिकटणार. तो आखडलेला पसारा परत मूळ मापावर आणायला मोठा गुणक लागतो.

तो गुणक नेमका (n−१)/n च का, हे बघायला सरासरीवर करून बघा, कारण सरासरीचा स्टँडर्ड एरर आपल्याला आधीच माहीत आहे. एकेक पान काढल्यावर सरासऱ्या येतात ७, ६.५, ६.२५, ५.७५, ४.५. यांची सरासरी ६, म्हणजे बायस शून्य, आणि इथं तो शून्यच यायला पाहिजे कारण सरासरीला बायस नसतो. फरक १, ०.५, ०.२५, −०.२५, −१.५. नीट बघितलं तर हे मूळ फरकच आहेत, ४ नं भागलेले आणि चिन्ह उलटं. वर्गांची बेरीज ३.६२५, गुणिले ०.८, २.९, वर्गमूळ १.७०. आणि नेहमीच्या रस्त्यानं १४.५ भागिले ५, तेही २.९. जुळलं. गुणक मुद्दामच असा निवडलाय की सरासरीवर जॅकनाइफ चालवला तर पुस्तकातलाच स्टँडर्ड एरर निघावा, आणि मग तोच गुणक बाकीच्या स्टॅटिस्टिकना लावायचा, या भरवशावर की सँपल थोडं मोठं झालं की ती पण साधारण सरासरीसारखीच वागतात. हा भरवसा कुठं तुटतो ते मीडियनपाशी येईलच.

ट्युकींची मांडणी तुम्ही एकदा करून बघाच, मला ती स्वतःला जास्त आवडते कारण तिच्यात प्रत्येक पानाचा हिस्सा डोळ्यांना दिसतो. प्रत्येक पानासाठी एक स्यूडो-व्हॅल्यू काढायची, n गुणिले मूळ उत्तर वजा n−१ गुणिले ते पान काढल्यावरचं उत्तर. आपल्याकडे ५ × ११.६ = ५८, आणि त्यातून चारपट वजा:

```
पान २  : ५८ − ४×९.५     = २०
पान ४  : ५८ − ४×१३.२५   = ५
पान ५  : ५८ − ४×१४.१८७५ = १.२५
पान ७  : ५८ − ४×१४.१८७५ = १.२५
पान १२ : ५८ − ४×३.२५    = ४५
```

यांची बेरीज ७२.५, सरासरी १४.५, म्हणजे बायस काढून टाकलेलं उत्तर आपोआप आलं. आणि आता या पाचांना खरंच साध्या नोंदींसारखं वागवायचं, यांच्यावर नेहमीचा स्टँडर्ड एरर चालतो. फरकांच्या वर्गांची बेरीज १४०१.८७५, भागिले ५×४, ७०.०९३७५, तोच आकडा, तोच ८.३७. वर जी चारपटीची चूक सांगितली ती इथं होऊच शकत नाही कारण मोठं करायचं काम स्यूडो-व्हॅल्यूनं आधीच केलेलं असतं, म्हणून हातानं करणाऱ्याला मी हाच रस्ता सांगतो.

या स्यूडो-व्हॅल्यू पण बघा जरा निवांत. ७२.५ पैकी ४५ एकट्या १२ माश्यांच्या पानाचे. स्टँडर्ड एररमधे तर अजूनच, ८७.६ पैकी ५८.१ म्हणजे जवळपास दोन तृतीयांश एकाच पानातून येतंय. ७२.५ मधे ५ आणि ७ च्या पानांचा हिस्सा मात्र प्रत्येकी जेमतेम १.२५. सॉफ्टवेअरमधून नुसता ८.३७ बाहेर पडला असता तर हे दिसलं नसतं. मी तरी कुठल्याही जॅकनाइफमधे शेवटचा आकडा वाचायच्या आधी ही यादी वाचतो, एखादीच नोंद सगळं ओढत असेल तर स्टँडर्ड एरर हा त्या एका नोंदीबद्दलचाच आकडा आहे असं समजायचं आणि त्यावर फार भार टाकायचा नाही.

मग उत्तर कुठलं द्यायचं, ११.६ की १४.५? बायस काढता येतो म्हणून काढलाच पाहिजे असं नाही. बायस २.९, स्टँडर्ड एरर ८.३७, म्हणजे बायस त्याच्या साधारण एक तृतीयांश. बायस स्टँडर्ड एररच्या पावपटीच्या आत असेल तर सोडून द्या असा ठोकताळा बरेच जण वापरतात, इथं तो जरा वर आहे, म्हणून १४.५ द्यायला माझी हरकत नाही. पण दुरुस्तीची किंमत असते. १४.५ म्हणजे ११.६ ची १.२५ पट, तर त्याचा हेलकावा पण १.२५ पट. नॉर्मल डेटा धरला आणि n ५ असेल तर n नं भागलेल्याची सरासरी वर्ग-चूक ०.३६ σ⁴ येते आणि n−१ नं भागलेल्याची ०.५ σ⁴, म्हणजे बायस असलेलं उत्तर एकंदरीत खऱ्याच्या जवळ असतं. लहान सँपलवर बायस दुरुस्त करायचा मोह जास्त असतो आणि त्याचा त्रासही तिथंच जास्त, हे ध्यानात ठेवून ठरवायचं.

स्टँडर्ड एररवरून कॉन्फिडन्स इंटरव्हल काढायचा झाला तर ट्युकींच्या पद्धतीनं t चा आकडा घेतात, ४ डिग्री ऑफ फ्रीडमला २.७७६. गुणिले ८.३७, म्हणजे २३.२. तर १४.५ वजा २३.२ ते १४.५ अधिक २३.२, म्हणजे −८.७ ते ३७.७. व्हेरियन्स उणे! असा इंटरव्हल लिहून द्यायचा नाही आणि उणे भाग कापून शून्यापासून पण लिहायचा नाही, कारण याचा अर्थ असा की व्हेरियन्सचं वितरण एका बाजूला लांब पसरलंय आणि आपण त्याला दोन्हीकडे सारखं धरलंय. अशा वेळी व्हेरियन्सच्या लॉगवर जॅकनाइफ चालवायचा, म्हणजे त्याच पाच उत्तरांचे लॉग घ्यायचे, २.२५१, २.५८४, २.६५२, २.६५२, १.१७९, आणि पुढची सगळी कृती तीच. स्टँडर्ड एरर येतो १.१२५. मूळ उत्तराचा लॉग २.४५१, त्याच्या दोन्हीकडे २.७७६ × १.१२५ म्हणजे ३.१२३, आणि लॉग उलटा केला की इंटरव्हल साधारण ०.५ ते २६३. उणे तरी गेलं. आणि पाच पानांवरून व्हेरियन्सबद्दल किती कमी कळतं ते पण लख्ख दिसलं. एक सावध करतो, लॉगवर मी बायसची दुरुस्ती केली नाही, कारण केली तर −०.७४९ वजा होऊन ३.२ येतं, लॉग उलटा केल्यावर २४.५, म्हणजे मूळ उत्तराच्या दुप्पट, आणि ते सगळं पुन्हा त्या एका १.१७९ मुळे म्हणजे १२ च्या पानामुळेच. इतकी मोठी उडी दिसली की दुरुस्ती सोडायची.

कॉम्प्युटरवर पडताळायचं असेल तर आरमधे एवढंच पुरतं:

```r
x <- c(2, 4, 5, 7, 12)
n <- length(x)
f <- function(v) mean((v - mean(v))^2)
loo <- sapply(1:n, function(i) f(x[-i]))
(n - 1) * (mean(loo) - f(x))
sqrt((n - 1) / n * sum((loo - mean(loo))^2))
```

शेवटच्या दोन ओळी −२.९ आणि ८.३७२२ देतात. `f` च्या जागी दुसरं फंक्शन टाका, बाकी काही बदलावं लागत नाही. फक्त `f` मधे `var` टाकलंत आणि बायस शून्य आला तर घाबरू नका, `var` हे n−१ नंच भागतं, त्याला बायस नसतोच, तिथला शून्य खरा आहे.

आता मीडियन. तुमचे सर बरोबर सांगतात. याच आकड्यांवर करा. मूळ मीडियन ५. २ काढलं तर ४, ५, ७, १२ उरतात, मीडियन ६. ४ काढलं तरी ६. ५ काढलं तर ५.५. ७ काढलं तर ४.५, १२ काढलं तरी ४.५. पाच वेळा काम केलं आणि वेगळे आकडे मिळाले तीनच. सरासरी ५.३, बायस ४ × ०.३ = १.२, दुरुस्त मीडियन ३.८. म्हणजे पाचातली चार पानं ज्याच्या वर आहेत असा मीडियन! स्टँडर्ड एरर १.३६ येतो, दिसायला बरा दिसतो, आणि म्हणूनच तो फसवतो.

कारण असं की १२ च्या जागी १२० माश्या असत्या तरी यातलं एकही उत्तर हललं नसतं. २ च्या जागी ० असतं तरी तेच. मीडियन फक्त मधल्या दोन-तीन आकड्यांकडे बघतो, एक नोंद काढली की तो एका आकड्यावरून शेजारच्यावर जरासा सरकतो आणि थांबतो. सम संख्येच्या नोंदी असतील तर अजून स्पष्ट दिसतं, वगळलेली उत्तरं दोनच प्रकारची येतात, मधल्या दोन आकड्यांपैकी एक किंवा दुसरा, आणि सगळा स्टँडर्ड एरर त्या दोघांमधल्या अंतरावर ठरतो. ते अंतर तर निव्वळ नशिबाचा भाग. व्हेरियन्सच्या बाबतीत सँपल मोठं केलं की जॅकनाइफचा आकडा खऱ्याकडे स्थिरावत जातो, मीडियनच्या बाबतीत हजार नोंदी घेतल्या तरी स्थिरावत नाही, डोलतच राहतो. हीच गत क्वार्टाइलची, आणि सगळ्यात मोठा किंवा सगळ्यात लहान आकडा घेतला तर अजूनच वाईट. तिथं बूटस्ट्रॅप वापरा, ब्रॅडली एफ्रॉन यांनी १९७९ मधे तो मांडला तेव्हा जॅकनाइफच्या या मर्यादा समोर होत्याच. किंवा जॅकनाइफच करायचा असेल तर एकाऐवजी एकदम बऱ्याच नोंदी काढायच्या, पण त्याला सँपल मोठं लागतं, पाच पानांवर ते जमणार नाही. आणि ओळखायची खूण सोपी, वगळलेल्या उत्तरांची यादी काढा आणि तेच तेच आकडे पुन्हा पुन्हा दिसतायत का बघा. नोंदी पुनरावृत्त नसताना उत्तरं पुनरावृत्त असतील तर स्टॅटिस्टिक जॅकनाइफसाठी फारच खडबडीत आहे. आपल्या व्हेरियन्समधे पण १४.१८७५ दोनदा आला हे तुम्ही म्हणाल, पण तो ५ आणि ७ सरासरीपासून सारख्याच अंतरावर आहेत म्हणून, कुठल्याही एका पानावर एक माशी कमी-जास्त झाली की दोन्ही आकडे वेगळे होतात.

तुम्ही पांढऱ्या माश्यांचा व्हेरियन्स काढताय म्हणजे कीड शेतात विखुरलेली आहे की पुंजक्यानं आहे हे बघायचं असणार, असं धरून एक शेवटचं सांगतो. त्यासाठी नेहमीची चाचणी म्हणजे वर्गांची बेरीज भागिले सरासरी, ५८/६ = ९.६७, आणि ४ डिग्री ऑफ फ्रीडमला काय-स्क्वेअरची ५ टक्क्याची रेषा ९.४९. म्हणजे अगदी काठावर का होईना, कीड पुंजक्यानं आहे असा निकाल लागतो. आता १२ चं पान काढा. वर्गांची बेरीज १३, सरासरी ४.५, भागाकार २.८९, आणि ३ डिग्री ऑफ फ्रीडमची रेषा ७.८१. रेषेच्या आसपास पण नाही. निकाल पूर्णपणे एका पानावर उभा आहे, आणि हे स्यूडो-व्हॅल्यूमधल्या ४५ नं आधीच सांगितलं होतं. ते पान कुठलं होतं ते वहीत बघा, बांधाकडचं होतं का, झाडाच्या वरच्या भागातलं होतं की खालच्या, मोजणारा तोच होता का. चूक सापडली तरच ते काढायचं, नुसतं मोठं आहे म्हणून नाही, कारण पुंजक्यानं येणारी कीड अशीच एखाद्या पानावर मोठा आकडा दाखवते.

आणि पानं वाढवून परत मोजाल तेव्हा एका झाडाची तीन-तीन पानं घेतलीत तर जॅकनाइफमधे पान काढायचं नाही, अख्खं झाड काढायचं, n म्हणजे झाडांची संख्या. एकाच झाडाची पानं एकमेकांसारखी असतात, एक काढलं तरी दोन भावंडं तिथंच बसलेली असतात आणि उत्तर हवं तितकं हलत नाही, मग स्टँडर्ड एरर खोटा लहान येतो. साठ पानं वीस झाडांवरची असतील तर वगळून काढायची उत्तरं वीस, आणि गुणक १९/२०.